चाळीस सेकंदांच्या पट्ट्या

मैदानावर त्याला सगळे 'पाचशे' म्हणायचे. कागदोपत्री नाव होतंच, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःसुद्धा वळून बघेल याची खात्री नव्हती. कॅमेऱ्याचं शटर कायम पाचशेवर, म्हणजे प्रत्येक चित्राला ते सेकंदाचा पाचशेवा भाग एवढंच उघडणार, म्हणून हे नाव. शटर त्याहून सावकाश उघडलं की धावणाऱ्याचा पाय पुसट येतो, आणि पुसट चित्र म्हणजे त्याच्या लेखी पाप. वीस वर्षं त्याने शर्यती, उड्या आणि फुटबॉलचे सामने शूट केले. उन्हात पाचशे शोभून दिसतं. ऊन कधी लुकलुकत नाही.

दिव्यांचं त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही. उलट त्या विषयावर तो इतरांचे कान किटेपर्यंत बोलायचा. एखादा नवशिका हॉलमधली बॅडमिंटनची मॅच शूट करून आणायचा, चित्रभर आडव्या काळ्या पट्ट्या सरकत असायच्या, आणि तो रडवेला होऊन म्हणायचा, "कॅमेरा बिघडला." मग पाचशे खुर्ची ओढून बसायचा. "कॅमेरा नाही रे बाबा, दिवे. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. आपले डोळे भोळे, त्यांना वाटतं ती एकसारखी जळतेय. पण कॅमेरा चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर झटपट मिटणारं असलं की काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो आणि काहींच्या वाट्याला अंधार. झाल्या पट्ट्या! शटर शंभरवर आण, प्रत्येक ओळीला एक पूर्ण झगमग मिळेल. पन्नासवर आण, दोन मिळतील. हिशेब सगळ्यांना सारखा, मग भांडण नाही." हे सांगताना त्याला फार बरं वाटायचं. दुसऱ्याला शिकवायच्या गोष्टी माणसाला नेहमीच चांगल्या येतात.

ताईचा फोन आला तेव्हा तो हॉस्पिटलच्या जिन्यातच होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"उद्या सकाळी सातला ऑपरेशन. गाठ मानेच्या मणक्यात आहे, काढली नाही तर चारसहा महिन्यांत हातपाय जातील, पुढे श्वासही."

"आणि काढली तर?"

"काढली तर आई वाचेल. बहुतेक. हातांचं म्हणाले, सांगता येत नाही."

इतरांच्या आईबद्दल 'हातांचं सांगता येत नाही' हे ऐकून घेता येतं. यांच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. लिहायला-वाचायला ती शिकली नव्हती; तिचं सगळं बोलणं हातांत होतं. रागावणं, हसवणं, शेजारणीच्या नकला करणं, देवाशी भांडणं, सगळं त्या दहा बोटांनी. हात गेले म्हणजे आईचा आवाजच गेला.

"ऐक," ताई म्हणाली. "मी आता विमानात बसतेय, पोचायला उद्या पहाट होईल. तू आज आईला बोलतं कर. काय सांगायचंय ते सगळं सांगू दे तिला. आणि शूट कर. नीट कर. तुला कळलं नाही तरी चालेल, मी आले की समजावून सांगते."

'तुला कळलं नाही तरी चालेल.' यात टोमणा नव्हता, पण तो लागला. आईची भाषा ताईला येत होती, त्याला येत नव्हती. जेव, झोप, ये, जा, दुखतंय का, अशी स्वयंपाकघरातली पन्नाससाठ वाक्यं त्याला समजत. त्यापुढे आईचे हात वेगात निघाले की परक्या गावच्या स्टेशनवर उभं असल्यासारखं व्हायचं. ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, तो मैदानावर हिंडतो. पण कारण तेवढंच नव्हतं. तो सहा वर्षांचा असताना त्याला मामाकडे पाठवलं. घरात कुणी बोलणारं नाही, पोरगं मुकंच राहील, बोलत्या घरात वाढू दे, असं सांगण्यात आलं. ताई नऊ वर्षांची होती, तिला मात्र घरीच ठेवलं. तो बोलायला शिकला, नको तितका शिकला, आणि आईशी बोलायचं तेवढं विसरला. दहा वर्षांनी परत आला तेव्हा आई पाहुण्याला करावा तसा त्याला पाण्याचा पेला पुढे करायची.

मला का पाठवलं आणि हिला का ठेवलं, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायला तेवढे शब्द हातांत नव्हते, आणि ताईला मध्ये घालून विचारायची ही गोष्ट नव्हती. चाळिशी उलटली, केस पांढरे व्हायला लागले, तरी मनात एक सहा वर्षांचं पोर मामाच्या ओट्यावर बसून होतं. ते काही उठत नव्हतं.

दुपारी एकला तो कॅमेरा आणि तिवई घेऊन वॉर्डात शिरला. खोली आतल्या बाजूला होती, खिडकी नावाला नाही. छतात एलईडीचे चार चौकोन, भिंतींना फिका निळा रंग, आणि पलंगावर आई. मानेला जाड पट्टा होता, पाठ जराशी उचललेली, हात मोकळे. कॅमेरा बघून तिने नाक मुरडलं आणि हाताने केस सारखे केले. एवढं त्याला समजलं. आता उद्या मरायला निघाली आणि केसांची काळजी, असं काहीतरी विनोदाने म्हणावंसं त्याला वाटलं, पण त्याच्या हातांना विनोद येत नव्हता.

त्याने कॅमेरा पलंगाच्या पायथ्याशी लावला आणि विचार सुरू केला. आईची बोटं भलती चपळ. पन्नासवर घेतलं तर ती पुसट येतील. पुसट बोटं म्हणजे पुसट अक्षरं, ताई वाचणार कशी? बोटन् बोट लख्ख आलं पाहिजे. शटर पाचशेवरच हवं. पण दिवे? त्याने पाचशेवर ठेवून एक मिनिट शूट केलं, स्क्रीनवर नाक टेकवून पाहिलं. एक पट्टी नाही. निळी भिंत सपाट, चादर सपाट, आईच्या नखावरचा चरासुद्धा दिसतोय. दिवे भारी दर्जाचे होते, वीज सरळ करून घेणारे, अजिबात न लुकलुकणारे. "वा!" तो स्वतःशी म्हणाला. "हॉस्पिटलवाल्यांनी निदान एक गोष्ट तरी धड घेतलीय."

नेमकं इथंच अति शहाण्याचा बैल रिकामा राहिला.

आई डोळे बारीक करत होती. उताणी पडलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांत तो उजेड जात होता. तिने कपाळावर हात धरला. पाचशेला ते बघवलं नाही. सलाइन बघायला सिस्टर आली होती, तिला तो म्हणाला, "सिस्टर, लाइट जरा कमी होतील का? आईला त्रास होतोय."

"होतील की," सिस्टर म्हणाली आणि दारामागचं गोल बटण निम्म्याहून खाली फिरवलं. "आत्ता बरं?"

आईने डोळे सैल सोडले आणि मान न हलवता हसली. त्या दिवशी त्याने आईसाठी केलेली ती एकुलती एक चांगली गोष्ट. आणि त्याच एका गोष्टीने घात केला. कारण असे बरेच दिवे मंद करतात म्हणजे त्यांचा उजेड कमी करत नाहीत. सेकंदाला दोनेकशे वेळा त्यांना चालू-बंद, चालू-बंद करतात, आणि बंद राहण्याचा वेळ वाढवतात. पूर्ण लावलेला दिवा साधुसंतासारखा स्थिर, आणि मंद केला की तोच ट्यूबलाइटपेक्षा वाईट फडफडतो. डोळ्यांना ते कळत नाही. पाचशेला हे माहीत होतं. दोन नवशिक्यांना त्याने हे शिकवलंही होतं. पण परीक्षा आधीच घेऊन झाली होती, निकाल लागला होता. उजेड कमी झाला तसं कॅमेऱ्याने आपोआप चित्र उजळून घेतलं. याने लाल बटण दाबलं आणि स्टूल ओढून आईच्या बाजूला बसला.

"बोल," त्याने खूण केली. "ताईसाठी. सगळं."

आई बोलू लागली.

आधी ताईचं नाव, गालावर दोन बोटं, कारण ताईला खळी पडायची. मग घराचं काहीतरी. मग वडील, मिशीची खूण. वडील जाऊन बारा वर्षं झाली, पण आईच्या हातांत त्यांच्या मिशीला अजून पीळ होता. पाचशे टक लावून बघत होता. तीनातलं एक वाक्य समजत होतं. तान्ही ताई रात्री रडली तर ऐकू कसं येणार, म्हणून आई तिच्या पाठीवर तळहात ठेवून झोपायची, रडण्याची थरथर हाताला लागली की उठायची. हे त्याला समजलं. आपल्या पाठीवरही तो हात असणार. त्याला कॅमेऱ्याचा विसर पडला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो एखाद्या गोष्टीकडे नुसता बघत होता.

चारएक मिनिटांनी सवयीनेच त्याची नजर तिवईकडे गेली.

स्क्रीनवर आई नव्हतीच. जाड काळ्या आडव्या पट्ट्या होत्या, चार किंवा पाच, हळूहळू वर चढणाऱ्या, आणि त्यांच्या फटींतून आईचे तुकडे दिसत होते. एका फटीत हनुवटी, एका फटीत कोपर. हात पट्टीत शिरायचा, बराच वेळ तिथेच बोलत राहायचा आणि भलतीकडून बाहेर यायचा.

बटण. दारामागचं ते बटण. कपाळाला हात लावायलाही वेळ नव्हता. उठून दिवे पूर्ण लावावेत तर आईचे डोळे पुन्हा मिटणार, बोलणं तुटणार. तिला थांबवावं तर ती पुन्हा हे सगळं सांगेल कशावरून? कॅमेऱ्याशी उभं राहून डायल फिरवणं तेवढं हाती होतं. तो पाय न वाजवता उठला, जणू आईला ते ऐकू येणार होतं. अडीचशेवर आणलं. पट्ट्या फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत. एकशे पंचवीस. आणखी फिकट, धुरासारख्या. शंभरावर आणलं, भिंतीवर अजून काहीतरी हलत होतं. हे दिवे विजेच्या तालावर नव्हे, स्वतःच्या तालावर फडफडत होते, त्यामुळे शंभराची नेहमीची युक्ती पुरती लागू पडेना. त्याला हे असह्य झालं. वीस वर्षं ज्या पट्ट्यांवरून इतरांना हसलो त्या आपल्याच चित्रात, आणि तेही आज. तो भिंतीवरच्या त्या शेवटच्या सावलीकडे बघत राहिला, डोळ्यात तेल घालून. साठ. पन्नास. भिंत सपाट झाली.

त्याने सुस्कारा सोडून मान वर केली.

आई त्याच्याकडे बघत होती. कॅमेऱ्याकडे नव्हे, त्याच्याकडे. हात छातीशी थांबले होते आणि डोळे भरले होते. मग तिने भुवया उंचावून बोट हलवलं. ही खूण त्याला येत होती. 'कळलं?'

त्याने मान डोलावली.

आता याला काय म्हणावं? तो 'नाही' म्हणू शकला असता. 'पुन्हा सांग' ही खूणही त्याला येत होती, जेवणाच्या ताटावर ती हजार वेळा केली होती. पण आईचा चेहरा एवढं ओझं उतरवल्यासारखा दिसत होता, की मी तुझ्याकडे बघत नव्हतो, भिंतीकडे बघत होतो, हे सांगायला त्याचे हात उठले नाहीत. शिवाय कॅमेऱ्यात काही ना काही आलं असेलच. ताई वाचेल. नाहीतर पट्ट्या घालवायची सॉफ्टवेअरं निघालीत आता. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कुणाच्या मदतीची गरज पडत नाही.

आई पुढे पाचसहा मिनिटं बोलली, डब्यांत काय कुठे ठेवलंय याबद्दल, आणि थकली. 'आलं का?' तिने कॅमेऱ्याकडे हात करून विचारलं. याने अंगठा दाखवला. तेवढ्यात वॉर्डबॉय आणि सिस्टर तिला तपासणीला न्यायला आले. तिथून परत आल्यावर औषध दिलं, आणि ती झोपली.

पहाटे ताई पोचली ती सरळ ऑपरेशनच्या दारापाशी. आईची ट्रॉली जाताना तिने आईच्या गालाला गाल लावला. आईचे हात नळ्यांनी बांधलेले होते, बोलणं झालं नाही. दार बंद झालं. मग सहा तास होते आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

"दाखव," ताई म्हणाली.

कोपऱ्यातल्या बाकावर त्याने लॅपटॉप उघडला. पहिल्या पट्ट्या दिसल्या तशी ताईने त्याच्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"फ्लिकर. लाइट मंद केले ना, त्यामुळे."

"तुझं तर कामच आहे हे!"

"आहे."

ताई चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला डोळे भिडवून बसली. थांबव, मागे घे, पुढे जा. "इथं हात कुठं होता? कपाळाला की छातीला?" "कपाळाला." "आणि मूठ होती की पंजा?" "पंजा. असा." पहिली चार मिनिटं त्यांनी दोघांनी मिळून भरली. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आणि तिला फटींतून दिसलेलं, यांची ठिगळं लावत. पाठीवरच्या तळहाताशी ताईने नाक पुसलं आणि ती म्हणाली, "पुढे."

"शेवटचा भाग चांगला आहे," तो म्हणाला. "पण तो पन्नासवर आहे. बोटं पुसट आलीत. तुला वाचायला..."

"कुठं पुसट?" ताई म्हणाली. "सगळं लख्ख कळतंय. डाळीच्या डब्याखाली कागद आहेत म्हणतेय."

"पण बघ ना, बोटांच्या कडा..."

"अरे, कडा कोण वाचतं? हात चालला की तो पुसटच दिसतो. डोळ्यालाही तसाच दिसतो. आम्ही हाताची चाल वाचतो. मला पुसट चाललं असतं रे, सगळं पुसट चाललं असतं."

अकराच्या अकरा मिनिटं पन्नासवर ठेवली असती तर पट्ट्याही आल्या नसत्या आणि ताईला शब्दन् शब्द मिळाला असता. ज्या बोटांसाठी पाचशेचा हट्ट धरला त्या बोटांना त्याची गरजच नव्हती. गरज याच्या नावाला होती.

"हे मधलं काय आहे?" ताई म्हणाली.

चाळीस सेकंद. वेळ बघितली, बरोबर चाळीस. तो उठला तिथून भिंत सपाट झाली तिथपर्यंत. या चाळीस सेकंदांची ठिगळं लावायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

ताईने चित्र थांबवलं. फटीत आईचा हात कानाशी होता, पाळी चिमटीत धरलेली. "हे तुझं नाव," ती म्हणाली. "लहानपणी कान ओढत बसायचास म्हणून." तिने एक चित्र पुढे नेलं, मग आणखी एक. "मामा. हे मामाच आहे. मग... पाठवलं. हात पुढे गेलाय, बघ, कोपर दिसतंय." काय हरवलंय ते त्याला कळलं. ताईलाही आता कळलं होतं की हे काय आहे. तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "तू काय पाहिलंस तेव्हा?"

"पट्ट्या."

"आईकडे बघितलं नाहीस?"

"पट्ट्या घालवत होतो."

ताईने ते चाळीस सेकंद तीस वेळा पाहिले असतील. 'पाठवलं' नंतर हात काळ्या पट्टीत शिरत होता, आणि पट्टी जणू मुद्दाम त्याच्याबरोबर वर चढत होती. एकदा अंगठा दिसला. एकदा दोन्ही हात अलग होताना दिसले. पुढे पट्ट्या फिकट होत होत्या तिथे 'म्हणून' आलं, अगदी स्वच्छ, आणि मग भरलेले डोळे. 'म्हणून'च्या आधीचं कारण मात्र काळ्यात गेलं होतं. त्याने चित्र उजळवून पाहिलं, सॉफ्टवेअर लावून पाहिलं. सॉफ्टवेअरने पट्टीचा रंग काळ्याचा राखाडी केला. उजेडच पडला नव्हता तिथे कुणी काय काढून दाखवणार?

"असू दे," ताई शेवटी म्हणाली. "आई बाहेर आली की विचारू."

आई बाहेर आली. गाठ पूर्ण निघाली होती, मोठे डॉक्टर खूश होते. तिसऱ्या दिवशी ते दोघांना बाजूला घेऊन म्हणाले, "पायांत हालचाल येतेय. हातांना वेळ द्या."

"किती वेळ?" ताईने विचारलं.

"वेळ द्या," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

आईचे हात चादरीवर दोन बाजूंना ठेवलेले होते, कुणीतरी ठेवले तसे. दोघा बहीणभावांनी आईशी ठरवून घेतलं होतं. डोळे मिटून धरले म्हणजे हो, डोळे इकडून तिकडे फिरवले म्हणजे नाही. तहान लागली का, हो. दुखतंय का, नाही. आयुष्यभर जिचं बोलणं बघायला शेजारपाजार गोळा व्हायचा, ती आता हो आणि नाही एवढ्यावर आली होती.

चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही. तो स्टुलावर बसला, ताई त्याच्या मागे उभी राहिली. "मीच विचारतो," तो तिला म्हणाला. "चुकलो तर सांग." त्याने कानाची पाळी चिमटीत धरली, मामाची खूण केली, हात पुढे नेला. 'मला. मामाकडे. पाठवलं. का? तू सांगितलंस. मी...' इथं तो अडखळला, आणि मग त्याने खरं ते सांगितलं. 'मी बघत नव्हतो.'

आई त्याच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

'मी बोलायला शिकावं म्हणून?'

आईचे डोळे इकडून तिकडे गेले. नाही.

ताईचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट झाला. पस्तीस वर्षं घरादाराने, पाहुण्यारावळ्यांनी सांगितलेलं कारण, आणि आई म्हणते नाही.

'बाबा म्हणाले म्हणून?'

नाही.

'मी त्रास द्यायचो?'

नाही. डोळे जोरात फिरले, दोनदा.

'मी आजारी होतो? तू आजारी होतीस?'

नाही. इथं मात्र ती क्षणभर थांबली होती, निदान त्याला तसं वाटलं. त्याच्या मागून ताईने हळू आवाजात एकेक सुचवायला सुरुवात केली, आणि तो खुणा करत गेला. मामीला मूल नव्हतं म्हणून? नाही. आजी म्हणाली म्हणून? नाही. ताईची शाळा? नाही. कुणाची भीती होती? नाही. प्रत्येक 'नाही' बरोबर आईचा चेहरा आणखी थकत होता. तिचा खांदा किंचित उचलला जात होता, पुन्हा पुन्हा, हात वर आणायला. खांदा उचलायचा आणि हात तिथेच. सांगायचं ते सगळं तिच्याजवळ होतं आणि द्यायला काही नव्हतं. घेणारा समोर होता, आणि त्याच्या पन्नाससाठ वाक्यांत ते कारण नव्हतं.

"बस कर," ताई म्हणाली. "तिला सोसवत नाही."

"एकच."

त्याला एकच माहीत करून घ्यायचं होतं, खरं तर आधीपासून एकच. त्याने हात वर केले. 'तुला मी' एवढं त्याने केलं, आणि पुढची खूण त्याला आठवेना. हवा की नको, हे दोन्ही त्या भाषेत छातीशीच सुरू होतं. एकात हात आत येतो, दुसऱ्यात बाहेर जातो. त्याचा हात छातीपाशी तसाच थांबला. तो ताईकडे वळणार होता.

आईने डोळे मिटले. घट्ट मिटले, आणि मिटलेलेच ठेवले.

"हो म्हणाली," ताई मागून घाईघाईने म्हणाली. "बघ, हो म्हणाली."

त्याचा हात अजून छातीशीच होता. त्याने काय विचारलं, हे त्याचं त्यालाही अजून ठरवायचं होतं.